‘पर्यंत’ कापू नका

माझ्या आत्याची पुरणपोळी मी एकदा फोनवर उतरवून घेतली. ती बोलत होती आणि मी लिहीत होते. वहीची साडेचार पानं भरली. नंतर बंगळूरला राहणाऱ्या भाचीने तीच कृती मागितली, तेव्हा मला वाटलं, एवढं वाचायला तिला वेळ कुठे आहे? मी बसून साडेचार पानांच्या पाच ओळी केल्या आणि पाठवल्या. दोन दिवसांनी तिचा फोन आला. “मावशी, पोळ्या लाटताना पुरण बाहेर येतंय. सगळ्या पोळ्या फुटल्या. मी तू लिहिलंस तसंच केलं.”

तिने खरोखरच मी लिहिलं तसंच केलं होतं. चूक पाच ओळींत होती. त्या ओळी अशा:

“हरभऱ्याची डाळ शिजवून, त्यात गूळ घालून वीस मिनिटं आटवून, वाटून पुरण करून घ्या. भिजवलेल्या कणकेच्या पारीत पुरण भरून पोळ्या लाटा. तुपावर भाजा.”

वाचताना यात काही खटकत नाही, कारण वाचणाऱ्याला पुरणपोळी येत असते. जिला येत नाही, तिच्यासाठी या ओळींमध्ये तीन खड्डे आहेत. ते कुठून आले हे पाहायला मूळ साडेचार पानांकडे जावं लागेल. आत्याचं बोलणं थोडं आखडतं घेऊन इथे देते.

“अगं, डाळ आधी निवडून घे. आमच्या वेळी डाळीत खडे निघायचे, आता पाकिटातली असते, पण तरी एकदा बघ. दोन वाट्या डाळ घेतलीस तर पंधरा-सोळा पोळ्या होतील. तासभर भिजव. मग कुकरला लाव, पाणी जरा सढळ हाताने घाल, कट निघायला हवा ना. आमच्याकडे कटाच्या आमटीशिवाय तुझे काका ताटावर बसायचे नाहीत. चिमूटभर हळद, थोडं तेल. तीन-चार शिट्ट्या कर. डाळ बोटात चेपून बघ, मध्ये कणी लागता कामा नये. कणी राहिली तर गूळ घालू नकोस हं, नंतर ती डाळ मरेपर्यंत शिजत नाही. मग चाळणीत ओतून चांगली निथळू दे. कट बाजूला ठेव. डाळीत सारखाच गूळ घाल. गूळ घातल्यावर ते सगळं पाण्यासारखं पातळ होतं, घाबरू नकोस, माझ्या धाकट्या जावेने घाबरून त्यात पीठ घातलं होतं एकदा. हलवत राहा. डाव मध्ये उभा केला की उभा राहिला पाहिजे, पडता कामा नये. तेव्हा गॅस बंद. वेलची, जायफळ घाल. आणि गरम आहे तोवरच यंत्रातून काढ, गार झालं की हात मोडतो. आणि हो, कणीक आधीच भिजवून ठेवायची, दोन तास तरी. सैल हवी, तेल लावून लावून तिंबायची, ओढली की रबरासारखी लांब झाली पाहिजे. पुरण कणकेच्या दुप्पट भर, कंजूषपणा करू नकोस.”

लांब कृती आखूड करायला बसलं की सगळ्यात आधी जाते ती गप्पांची भर. काका, धाकटी जाऊ, पाकिटातली डाळ. ते जायला हरकत नाही, मलाही ते सहज जमलं. पण कापण्याच्या भरात मी तीन गोष्टी अशा उडवल्या की त्या गेल्याचं मला कळलंही नाही. त्या कशा गेल्या ते आपल्या भाषेच्या अंगानेच नीट कळतं.

मराठीत कृती सांगताना आपण ‘ऊन’ची माळ ओवतो: धुऊन, शिजवून, घालून, आटवून, वाटून. ही माळ क्रम अगदी चोख सांभाळते. आधी काय, मग काय, यात गोंधळ होत नाही. पण प्रत्येक काम कुठे संपलं हे ती सांगत नाही. ‘आटवून’ म्हणजे कितपत आटवून? ‘शिजवून’ म्हणजे कणी जाईपर्यंत की नुसतं मऊ होईपर्यंत? माळेतला प्रत्येक मणी दिसायला सारखा असतो, मग तो दोन मिनिटांचा असो की दोन तासांचा.

दुसरी लपण्याची जागा म्हणजे ‘लेला’ची विशेषणं. ‘भिजवलेल्या कणकेच्या पारीत’ हे शब्द मी लिहिले आणि दोन तास एका विशेषणात गडप झाले. ‘गार केलेलं पुरण’, ‘भिजवलेली डाळ’, ‘निथळलेला चक्का’ हे सगळे असेच चोर. साहित्याच्या यादीत ते अगदी साळसूद दिसतात. वाचणारी सकाळी अकराला स्वयंपाकघरात शिरते, बारा वाजता ‘भिजवलेली कणीक’ या शब्दांपाशी येते आणि तेव्हा कणीक मळायला घेते. भाचीने नेमकं हेच केलं. तिची कणीक जेमतेम दहा मिनिटं भिजली होती. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातलं चिकट द्रव्य, ग्लूटेन, जाळं धरतं. मळल्या मळल्या ते ताणलेलं असतं, लाटायला गेलं की मागे आखडतं, फार ताणलं की फाटतं. तासा-दोन तासांत ते सैलावतं आणि मग पातळ पारीसुद्धा न फाटता पुरणाबरोबर पसरते. म्हणून ते दोन तास पोळीचाच भाग आहेत आणि त्यांना कागदावर स्वतःची ओळ हवी.

तिसरा शब्द ‘पर्यंत’. आत्या तो शब्द फारसा वापरत नाही, पण तिच्या बोलण्यात त्याचा अर्थ जागोजाग आहे: कणी न लागेपर्यंत, डाव उभा राहीपर्यंत, रबरासारखी लांब होईपर्यंत. प्रत्येक कामाला तिने थांबायची खूण दिली होती. मी त्या सगळ्या खुणा काढून एक आकडा ठेवला, वीस मिनिटं. आकडा आटोपशीर दिसतो, शिवाय शास्त्रशुद्धही वाटतो. पण पुरण आटायला लागणारा वेळ पातेल्याच्या रुंदीवर, आचेवर आणि डाळीत किती पाणी राहिलं यावर ठरतो. माझ्या पसरट पातेल्यात वीस मिनिटं लागतात. भाचीच्या उभट पातेल्यात अर्धा तास लागला असता. त्यात मी ‘चाळणीत निथळू दे’ हे वाक्यच खाल्लं होतं, कारण ते मला कटाच्या आमटीचं वाटलं, पोळीचं नाही. तिने कट काढलाच नाही. ओल्या डाळीत गूळ घातला, घड्याळ लावून वीस मिनिटं ढवळलं आणि पातळ पुरण आखडलेल्या पारीत भरलं. पोळ्या फुटल्या नसत्या तरच नवल.

मला यातून जो नियम सापडला तो एवढाच: कृतीतून काहीही कापा, पण ‘पर्यंत’ कापू नका. आकडा ठेवायचा असेल तर त्याच्या शेजारी ठेवा. ‘डाव उभा राहीपर्यंत, साधारण 15 ते 25 मिनिटं.’ खूण आधी आणि आकडा मागून. आकडा बाईला कामाचा अंदाज देतो, म्हणजे तेवढ्यात फोन घ्यायचा की नाही हे तिला ठरवता येतं. थांबायचं कधी हे खूण सांगते. नुसती खूण ठेवली तरी अडचण होते. ज्याने पुरण कधी केलं नाही तो पाचव्या मिनिटाला डाव उभा करून बघतो, आठव्याला पुन्हा बघतो आणि आपलं काहीतरी चुकलंय असं समजतो.

आता दुसरी, जरा उलटी गोष्ट. जे गप्पांसारखं दिसतं ते सगळंच गप्पा नसतं. ‘पाण्यासारखं पातळ होतं, घाबरू नकोस’ हे वाक्य मी पहिल्याच झटक्यात काढलं होतं. खरं तर ती मधल्या टप्प्याची खूण आहे. गूळ वितळला की डाळीचा घट्ट गोळा सैल होतो, मग पाणी उडत जाऊन पुन्हा घट्ट होतो. हे माहीत नसलेला माणूस पातळ झालेलं पाहून आच एकदम वाढवतो आणि पुरण बुडाला लागतं, किंवा जावेसारखा पीठ घालतो. जावेचा किस्सा काढा, पण ‘आधी पातळ होईल’ हे तीन शब्द ठेवा. मधली खूण जिथे भीती घालते किंवा फसवते तिथे ती लिहायलाच हवी. साध्या कामात तिची गरज नसते. कणीक मळताना आधी ती हाताला चिकटते हे कोणाला सांगावं लागत नाही.

कारणांचंही तसंच. ‘कणी राहिली तर गूळ घालू नकोस’ यामागे खरं कारण आहे. डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना विरघळतं आणि दाणा मऊ पडतो. गुळातली साखर, त्यातला चुन्याचा म्हणजे कॅल्शियमचा अंश आणि किंचित आंबटपणा हे तिन्ही मिळून ते विरघळणं अडवतात. म्हणून गूळ पडल्यावर कच्ची कणी कच्चीच राहते, तासभर ढवळा नाहीतर दोन तास. एवढं सगळं कृतीत लिहायची गरज नाही. पण ‘कणी राहिली असेल तर आणखी शिजवा, मगच गूळ’ हे लिहावंच लागतं, कारण इथे क्रम मोडला तर परत फिरता येत नाही. मी कारण ठेवायचं की नाही हे याच प्रश्नावर ठरवते: इथे चुकलं तर दुरुस्त होतं का? पुरण सैल राहिलं तर पुन्हा आचेवर ठेवता येतं. फार कोरडं झालं तर चमचाभर दूध घालता येतं. कच्च्या डाळीत पडलेला गूळ मात्र परत काढता येत नाही.

क्रमाबद्दल आणखी एक गंमत सांगते. बोलून सांगितलेल्या कृतीचा क्रम हा आठवण्याचा क्रम असतो, करण्याचा नव्हे. आत्याने कणीक सगळ्यात शेवटी सांगितली, आणि तीही ‘आणि हो’ म्हणून. तेव्हापासून मी कोणाचीही कृती उतरवून घेताना ‘आणि हो’ या शब्दांवर खूण करते. त्यांच्यापुढे येणारं काम बहुतेक वेळा एक-दोन तास आधी करायचं असतं. आणि हो, तांदूळ रात्रीच धुऊन वाळत टाकायचे. आणि हो, तूप आधी कढवून गार करायचं.

म्हणून कापायला बसण्याआधी मी एक काम करते. सगळी क्रियापदं एका कागदावर एकाखाली एक लिहिते आणि शेजारी दोन गोष्टी टाकते: हे सुरू करायला आधी काय तयार हवं, आणि हे चालू असताना माझे हात मोकळे आहेत का. पुरणपोळीत हात मोकळे असण्याच्या तीन जागा निघतात: डाळ भिजताना, कुकर चालू असताना आणि पुरण गार होताना. सगळ्यात लांब थांबणं कणकेचं, दोन तासांचं. ते सगळ्यात आधी सुरू व्हायला हवं. डाळ भिजायला टाकायला दोन मिनिटं लागतात, ती टाकून लगेच कणकेला बसायचं. सकाळी आठला सुरुवात केली तर डाळ नऊपर्यंत भिजते आणि कणीक साडेआठपर्यंत तिंबून झाकली जाते. कुकर वाफेसह पावणेदहापर्यंत उतरतो. निथळणं, आटवणं, यंत्रातून काढणं यात साडेदहा होतात. पुरण निवतं तोवर कणकेचे दोन तास भरलेले असतात. पावणेअकराला लाटायला बसलं की साडेअकराच्या सुमारास शेवटची पोळी तव्यावरून उतरते. आत्याच्या बोलण्यात यातलं काहीच नव्हतं, पण तिचे हात नेमके याच क्रमाने चालतात. मी तिच्याकडे जाऊन पाहिलं तेव्हा ते कळलं.

आखूड कृतीत ही समांतर कामं सांगायला मराठीत एक छोटा आणि नेमका शब्द आहे, ‘तोवर’. ‘तोवर कणीक मळा’ म्हटलं की क्रमही कळतो आणि वेळही वाचतो. त्याचे भाऊबंदही जपावेत असे आहेत. ‘गरम असतानाच’ हा शब्द वेळेची खूणच आहे, कारण निवलेलं पुरण घट्ट होतं आणि यंत्राच्या जाळीतून निघत नाही. ‘गार झाल्यावर’ हीसुद्धा खूण आहे, कारण गरम पुरण भरलं तर त्याची वाफ पारी ओली करते. एकाच पदार्थाला एका कामासाठी गरम आणि पुढच्या कामासाठी गार असावं लागतं. हे दोन शब्द गाळले तर कोणाच्याही ते लक्षात येणार नाही, फक्त पोळी बिघडेल.

मापांचं प्रकरण वेगळं आहे. वाटी-चमच्याच्या मापांनी मराठी कृती सर्वसामान्य घरात नेल्या त्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने, 1970 साली. त्याआधी लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ 1910 मध्येच आलं होतं. तिकडे इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टन या बाईंनी 1845 मध्ये प्रत्येक कृतीच्या शेवटी जिन्नस, त्यांची मापं आणि लागणारा वेळ वेगळे काढून द्यायला सुरुवात केली. आज आपण यादी वर वाचतो, त्यांच्याकडे ती खाली होती. ही यादी म्हणजे लांब कृती आखूड करण्याचा मोठाच उपाय, कारण मापं एकदा वर लिहिली की खालचं गद्य हलकं होतं. पण तिच्यामुळे एक नवी चूक जन्माला आली. एखादा जिन्नस दोनदा वापरायचा असेल तर यादीत त्याची बेरीज येते आणि कृतीत नुसतं ‘तेल घाला’ उरतं. पुरणपोळीत तेल तीनदा येतं: डाळीत, पीठ मळताना आणि तिंबताना. ‘तेल 5 मोठे चमचे’ असं वाचून कोणी सगळं एकदम पिठात ओतलं तर दोष त्या माणसाचा नाही. ज्याचे वाटे पडतात त्या जिन्नसाचं माप यादीत असलं तरी पायरीत पुन्हा लिहायचं. त्यासाठी दोन शब्द वाढले तरी वाढू द्यायचे.

‘सारखाच गूळ’ हेही असंच निसरडं. कशाशी सारखा, वाटीने की वजनाने? आणि कच्च्या डाळीइतका की शिजलेल्या? माझी वाटी 200 मिलिलिटरची आहे. तिच्यात हरभऱ्याची डाळ साधारण 170 ग्रॅम मावते. चिरलेला गूळ नुसता सोडला तर त्याहून बराच कमी भरतो, दाबून भरला तर जवळजवळ डाळीइतका. शिजून डाळ दुपटीच्याही वर जाते. शिजलेल्या डाळीइतका गूळ कोणी घातला तर पुरणाचा पाकच होईल. ‘कच्च्या डाळीइतक्याच वाट्या, दाबून’ असं लिहिलं की वाद मिटतो. आणि वाटी केवढी हे कागदावर एकदाच, सगळ्यात वर लिहायचं.

कुकरच्या शिट्ट्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. शिट्टी हे वेळेचं माप नाही. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्याच तिघी वीस मिनिटं घेतात. मोठ्या कुकरची गोष्ट निराळी, छोट्याची निराळी. ‘पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून 15 मिनिटं’ हे वाक्य चार शब्दांनी लांब आहे, पण ते कोणत्याही घरात चालतं. मग वाफ आपोआप जिरू द्यायची. तो वेळही शिजण्यात धरलेला असतो. शिट्टी उचलून वाफ काढली तर डाळ कच्ची राहू शकते, आणि फेसाळलेलं पाणी उडतं ते वेगळंच.

एवढं सगळं ध्यानात घेऊन मी भाचीसाठी नवा कागद केला. तिच्या फ्रिजच्या दारावर मावेल एवढा.

पुरणपोळी, सुमारे 16. सुरुवातीपासून साडेतीन तास.

वाटी 200 मिली, मोठा चमचा 15 मिली, लहान 5 मिली. हरभऱ्याची डाळ 2 वाट्या. चिरलेला गूळ दाबून 2 वाट्या. कणीक दीड वाटी, मैदा अर्धी वाटी. तेल 5 मोठे चमचे आणि 1 लहान. वेलचीपूड 1 लहान चमचा, जायफळ पाव. मीठ, हळद. लाटायला तांदळाची पिठी. भाजायला तूप.

1. डाळ धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला, 1 तास.

2. तोवर कणीक, मैदा, पाव लहान चमचा मीठ, चिमूट हळद आणि 1 मोठा चमचा तेल एकत्र करा. पाऊण वाटीच्या आसपास पाणी लागेल तसं घालत रोजच्या कणकेपेक्षा सैल मळा. 4 मोठे चमचे तेल थोडं थोडं लावत तिंबा, ओढल्यावर न तुटता लांब होईपर्यंत, 10–15 मिनिटं. झाकून ठेवा, 2 तास.

3. डाळीचं पाणी टाका. 5 लिटरच्या कुकरमध्ये थेट डाळ, 6 वाट्या पाणी, चिमूट हळद, 1 लहान चमचा तेल. पहिली शिट्टी झाली की बारीक आच, 15 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. दाणा चिमटीत पिठूळ झाला पाहिजे. कणी लागली तर आणखी शिजवा, मगच पुढे.

4. गरम असतानाच चाळणीत ओता, थेंब थांबेपर्यंत निथळा, 10 मिनिटं. खालचा कट आमटीला.

5. पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात डाळ आणि गूळ, मध्यम आच. आधी पातळ होईल. सतत ढवळा, घट्ट होत आलं की आच बारीक, डाव मधोमध उभा राहीपर्यंत, 15–25 मिनिटं.

6. आच बंद. वेलची, जायफळ. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. पूर्ण गार होऊ द्या.

7. पुरणाचे 16 आणि कणकेचे 16 गोळे, पुरणाचा गोळा कणकेच्या दुप्पट. पारीत भरून उंडा करा, पिठीवर हलक्या हाताने लाटा. मध्यम तव्यावर खालून तपकिरी डाग पडेपर्यंत भाजा, एकदाच उलटा. तूप सोडा.

मोजले तर पहिल्या पाच ओळींपेक्षा शब्द कितीतरी जास्त आहेत, आणि साडेचार पानांपेक्षा कितीतरी कमी. किती आखूड करायचं याचा आकडा नसतो. वाचणारीला काय येतं यावर ते ठरतं. आत्याच्या सुनेला फक्त ‘2 वाट्या डाळ, 2 गूळ, 16 पोळ्या’ एवढी चिठ्ठी पुरते. ‘उंडा करा’ हे मी भाचीला दोन शब्दांत सांगू शकले कारण तिने घरी पराठे भरले आहेत. जिने तेही केलं नाही तिच्यासाठी उंडा हा शब्द म्हणजे पुन्हा एक खड्डा, आणि तिथे कडा कशा पातळ ठेवायच्या, तोंड कसं मिटायचं हे उलगडून लिहावं लागेल. नुसत्या कागदावर ते कितपत कळेल याची मला शंकाच आहे. काही कामं शेजारी उभं राहूनच शिकावी लागतात.

एक इशारा देते. हा कागद पन्नास पोळ्यांसाठी तिप्पट करायला गेलात तर सगळे आकडे तिप्पट होणार नाहीत. डाळ, गूळ, वेलची, मीठ तिप्पट. कुकरची 15 मिनिटं तेवढीच, फक्त डाळ तीन खेपांत शिजवा, कारण कुकर अर्ध्याच्या वर भरला तर फेस शिट्टीत अडकतो. आटवण्याचा वेळ मात्र वाढेल. पाणी पातेल्याच्या पृष्ठभागावरून उडतं, आणि पुरण तिप्पट झालं तरी पातेलं तिप्पट रुंद होत नाही. इथे 25 मिनिटांचा आकडा निकामी होतो आणि डाव तेवढा कामाला येतो. पंगतीचं पुरण करणारे आचारी घड्याळाकडे बघताना मी कधी पाहिले नाहीत.

भाचीने होळीला त्या कागदावरून पोळ्या केल्या. मग कागदाचा फोटो पाठवला. त्यावर तिच्या अक्षरात तीन नोंदी होत्या. पाचव्या पायरीशी ‘माझ्या पातेल्यात 28’. सातवीशी ‘पहिल्या दोन जाड झाल्या’. आणि चौथीशी, कटाच्या शब्दाखाली रेघ मारून, ‘मावशी, आमटी कशी करायची ते लिहिलंच नाहीस.’

मी आत्याला फोन लावला. “अगं, सोपी आहे,” ती म्हणाली, “दोन वाट्या कट घे, आणि हो, त्यात घालायला थोडं पुरण आधीच काढून ठेवायचं हं.”